मेलमधले ‘आय’, ‘मी’ आणि ‘हूम’

एका वास्तुरचनाकाराच्या कार्यालयातून ग्राहक कंपनीला जाणाऱ्या इंग्रजी मेलचा हा मसुदा पाहा. तो उदाहरणासाठी रचलेला आहे, पण अशी वाक्ये कार्यालयीन पत्रव्यवहारात सर्रास आढळतात.

“थँक यू फॉर मीटिंग राहुल अँड आय ऑन मंडे. द रिव्हाइज्ड रेट विल रिमेन बिटवीन यू अँड आय. राहुल, हूम आय बिलीव्ह इज नोन टू युअर ऑफिस, विल सेंड द ड्रॉइंग्ज. प्लीज फॉरवर्ड द बिल टू हूमएव्हर हँडल्स पेमेंट्स. फॉर एनी क्वेरी, कॉन्टॅक्ट राहुल ऑर मायसेल्फ.”

वाक्ये पाच आहेत आणि औपचारिक इंग्रजीच्या नियमाने पाचही चुकलेली आहेत. लिहिणाऱ्याने मात्र निष्काळजीपणा केलेला नाही. उलट प्रत्येक ठिकाणी त्याने दोनांपैकी अधिक शुद्ध, अधिक अदबीचे वाटणारे रूप निवडले आहे, आणि चूक नेमकी तिथेच झाली आहे.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मराठीसारख्याच नामांना विभक्ती होत्या. शब्दाचे रूप पाहून तो कर्ता की कर्म हे बऱ्याचदा कळे. पुढे ती रूपे गळून पडली. आज ‘राहुल’ कर्ता असो वा कर्म, इंग्रजीत तो ‘राहुल’च राहतो. हा फरक टिकला तो मोजक्या सर्वनामांत: कर्त्यासाठी ‘आय’, ‘ही’, ‘शी’, ‘वुई’, ‘दे’, ‘हू’, आणि कर्मासाठी किंवा ‘टू’, ‘फॉर’, ‘विथ’, ‘बिटवीन’ यांसारख्या शब्दांनंतर ‘मी’, ‘हिम’, ‘हर’, ‘अस’, ‘देम’, ‘हूम’. इथे ‘मी’ म्हणजे इंग्रजीतला ‘मी’. आपल्या ‘मी’चे काम तिकडे ‘आय’ करतो. ‘यू’ मात्र दोन्हीकडे सारखाच. म्हणून ‘बिटवीन यू अँड…’ इथवर लिहून झाले तरी पुढे काय यावे याची खूण ‘यू’ देत नाही.

‘बिटवीन यू अँड आय’ हे रूप येते कुठून? मुले सहज म्हणतात, ‘मी अँड राहुल वेंट’. बाई सांगतात, ‘राहुल अँड आय’ म्हण. दुरुस्ती बरोबरच असते, कारण तिथे दोघेही जाण्याचे कर्ते आहेत. पण मुलाच्या मनात कारण राहत नाही, ‘अँड’च्या पुढे ‘आय’ एवढेच राहते. मोठेपणी औपचारिक लिहायची वेळ आली की तीच जोडी कर्माच्या जागीही जाऊन बसते. भाषाशास्त्रात याला ‘हायपरकरेक्शन’ म्हणतात, म्हणजे शुद्धतेच्या धास्तीने केलेली चूक. हे रूप नवेही नाही. शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मधला अँटोनिओ बसॅनिओला जे पत्र पाठवतो, त्यातही ‘बिटवीन’नंतर ‘आय’च आहे. तेव्हा व्याकरणाचे नियम आजच्यासारखे पक्के झालेले नव्हते. आजच्या औपचारिक लेखनात मात्र तिथे ‘मी’च अपेक्षित असतो.

आता मसुदा दुरुस्त करू. पहिल्या वाक्यात दुसऱ्या माणसाचे नाव क्षणभर काढून टाका. ‘थँक यू फॉर मीटिंग आय’ असे कोणी लिहिणार नाही. ‘मीटिंग मी’च लिहील. राहुल सोबत आला म्हणून रूप बदलत नाही: ‘थँक यू फॉर मीटिंग राहुल अँड मी’. शेवटच्या वाक्यालाही हीच कसोटी लावा. ‘कॉन्टॅक्ट मी’, म्हणून ‘कॉन्टॅक्ट राहुल ऑर मी’. ‘मायसेल्फ’ला औपचारिक इंग्रजीत दोन कामे आहेत: कर्ता आणि कर्म एकच असताना, जसे ‘आय इन्ट्रोड्यूस्ड मायसेल्फ’, आणि ‘मी स्वतः’ असा जोर देताना. नुसते ‘मी’ लिहिणे उद्धट वाटते म्हणून त्याच्या जागी ‘मायसेल्फ’ घालू नये.

‘बिटवीन’ला ही कसोटी चालत नाही, कारण ‘मध्ये’ म्हटले की किमान दोघे लागतातच. तिथे दोघांच्या जागी एकच अनेकवचनी सर्वनाम ठेवा. ‘बिटवीन वुई’ कानाला लगेच खटकते, ‘बिटवीन अस’ बरोबर वाटते. ‘अस’चा जोडीदार ‘मी’, म्हणून ‘बिटवीन यू अँड मी’.

‘हूम’साठी नेहमी सांगितली जाणारी युक्ती अशी: उत्तरात ‘ही’ बसला तर ‘हू’, ‘हिम’ बसला तर ‘हूम’. तिसऱ्या वाक्यात ती लावताना ‘आय बिलीव्ह’ हे दोन शब्द आड येतात. ‘मी मानतो’ म्हणजे कर्ता मीच, मग राहुल कर्म, म्हणून ‘हूम’, असा हिशेब मनात होतो. पण ‘इज नोन’ या क्रियापदाचा कर्ता कोण? राहुलच. हे वाक्य मराठीत मांडले की गुंता सुटतो, कारण मराठी ‘असे मला वाटते’ हे वाक्याच्या शेवटी नेऊन ठेवते: ‘तो तुमच्या परिचयाचा आहे, असे मला वाटते.’ तिथे ‘तो’ आहे, म्हणून इंग्रजीत ‘हू आय बिलीव्ह इज नोन’.

चौथ्या वाक्यात ‘टू’ दिसला की हात ‘हूमएव्हर’कडे जातो. पण ‘टू’चा संबंध एकट्या त्या शब्दाशी नाही, ‘जो कोणी पेमेंट पाहतो’ या सबंध उपवाक्याशी आहे. त्या उपवाक्यात ‘हँडल्स’चा कर्ता हवा, म्हणून ‘टू हूएव्हर हँडल्स पेमेंट्स’. ‘टू हूम इट मे कन्सर्न’मध्ये मात्र ‘हूम’च बरोबर. तिथे ‘कन्सर्न’चा कर्ता ‘इट’ आहे आणि तो विषय ज्या व्यक्तीशी निगडित आहे, ती व्यक्ती कर्म.

मराठीचा आधार घेताना एक सावधगिरी हवी. ‘ला’ दिसला की ‘हूम’, हे समीकरण धरू नका. ‘राहुल, ज्याला हे काम माहीत आहे’ याचे इंग्रजी ‘हू नोज धिस वर्क’ असेच होते. माहीत असणे, वाटणे, आवडणे, भूक लागणे अशा ठिकाणी मराठी अनुभव घेणाऱ्याला ‘ला’ लावते, इंग्रजी बहुधा त्याला सरळ कर्ता करते. म्हणून निर्णय इंग्रजी क्रियापदाकडे पाहूनच घ्यावा. जवळ ज्याला स्वतःचा कर्ता नाही असे क्रियापद असेल, तर ‘हू’ त्याचा कर्ता. प्रत्येक क्रियापदाला कर्ता मिळून झाला असेल, तर ‘हूम’ला जागा आहे: ‘द इंजिनिअर हूम वुई मेट’.

हा नियम सगळीकडे सारखा कडक राहिलेला नाही. भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी 1921 साली ‘लँग्वेज’ या पुस्तकात अंदाज वर्तवला होता, की दोनेकशे वर्षांत प्रश्नाच्या सुरुवातीचा ‘हूम’ विद्वानांच्या बोलण्यातूनही जाईल. आज ‘हू शुड आय सेंड धिस टू?’ हे बोलण्यात आणि सहकाऱ्याला पाठवलेल्या मेलमध्ये कोणाला खटकत नाही. पण ‘टू’ आधी आला तर ‘टू हूम’ हवेच. ‘टू हू शुड आय सेंड’ कानाला अडखळते.

‘हूम’ जड वाटत असेल तर तो बऱ्याचदा गाळताही येतो. ‘द इंजिनिअर वुई मेट’ हे औपचारिक पत्रातही निर्दोष आहे. ‘हू’ आणि ‘हूम’ यांत निर्णय होत नसेल, तर वाक्य तोडून दोन करावीत: ‘राहुल विल सेंड द ड्रॉइंग्ज. आय बिलीव्ह ही इज नोन टू युअर ऑफिस.’ ‘बिटवीन यू अँड मी’ला मात्र अशी पळवाट शोधायची गरज नाही. ते पूर्ण शुद्ध आहे आणि वरिष्ठांनाही तसेच लिहावे.