आजीचा काढा आणि प्रेशरची गोळी

"डॉक्टरकाका, आजी रोज सकाळी तुळस, आलं, मिरी आणि ज्येष्ठमध घालून काढा घेते. प्रेशरच्या गोळीबरोबर चालेल ना?" एका मुलीची ही चिठ्ठी, सोबत गोळ्यांची रिकामी पट्टी. फार बरं केलं तिनं विचारलं ते.

चहात घालतो तेवढ्या तुळस-आल्याची मला चिंता नाही. चिंता ज्येष्ठमधाची. त्यातल्या गोड अंशामुळे मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात आणि पोटॅशियम बाहेर टाकतात. मग गोळी नियमित घेऊनही प्रेशर चढतं. पट्टीवर क्लोरथॅलिडोन लिहिलं होतं. लघवी वाढवणारी ही गोळीही पोटॅशियम घटवते. दोन्ही मिळून अशक्तपणा येतो, पायांत गोळे येतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

आजींच्या घोट्यावर बोट दाबलं, तर खळगा तसाच राहिला. प्रेशर १६४/९६. ज्येष्ठमध बंद केलं, पोटॅशियम तपासायला रक्त घेतलं, गोळी मात्र चालू ठेवली. हा परिणाम ओसरायला दोनेक आठवडे लागू शकतात, म्हणून पंधरा दिवसांनी परत बोलावलं.

तयार काढ्याची पुडी आणत असाल तर तीही डॉक्टरांना दाखवा. तिच्यावर 'यष्टिमधु' लिहिलं असेल, तर ते ज्येष्ठमधच.