पैशांच्या पावत्या – भाग ७ : दुबईचे दिरहम, गावातले रुपये

रत्नागिरी, खेड, चिपळूण या पट्ट्यात आखातातून पैसे येणारी घरे कमी नाहीत. दुबईतला मुलगा एक्स्चेंजमधून पैसे पाठवतो, पावतीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो आणि घरचे लोक पासबुक भरून आणतात. दोन्ही कागदांवरचे आकडे जुळतात का, हे मात्र फारसे कोणी ताडून पाहत नाही. रक्कम साधारण तेवढीच दिसली की समाधान होते. हा ताळा साध्या कॅल्क्युलेटरवर होतो आणि पैसे कुठे गेले ते रुपयापर्यंत सांगतो.

एक पावती समोर घेऊ. आकडे उदाहरणाचे आहेत, हिशेब मात्र खऱ्या पावतीवर होतो तसाच. मुलाने खिडकीवर २,००० दिरहम दिले. पावतीवर शुल्क २० दिरहम आणि त्यावर पाच टक्के व्हॅट, म्हणजे १ दिरहम. उरलेले १,९७९ दिरहम रुपयांत बदलले. दर २२.५५. घरच्या खात्यावर जमा व्हायची रक्कम ४४,६२६ रुपये ४५ पैसे.

पहिला ताळा पावतीच्या आतला. १,९७९ गुणिले २२.५५ केले की नेमके ४४,६२६.४५ येतात. म्हणजे पावती स्वतःशी खरी आहे. इथे दोन गोष्टी बघायच्या. शुल्क दिलेल्या रकमेतून वजा झाले की वेगळे घेतले? वेगळे घेतले असेल, तर पूर्ण २,००० दिरहमना दराने गुणायला हवे. दुसरे म्हणजे व्हॅट फक्त शुल्कावर लागतो, पाठवलेल्या रकमेवर लागत नाही.

काही पावत्यांवर दर उलटा छापतात, म्हणजे एका रुपयाला किती दिरहम. आपल्या उदाहरणात तो ०.०४४३ असा दिसेल. १,९७९ ला या आकड्याने भागले तर ४४,६७२ रुपये येतात आणि ४६ रुपये कुणी खाल्ले, असे वाटू लागते. कुणी खाल्लेले नसतात. चारच दशांश स्थळे छापल्यामुळे पुढचे आकडे गळालेले असतात. अशा वेळी छापलेला दर बाजूला ठेवावा आणि पावतीवरच्या रुपयांना बदललेल्या दिरहमनी भागावे. येईल तोच आपल्याला मिळालेला खरा दर.

दुसरा ताळा बाजाराशी, आणि खरा खर्च इथेच सापडतो. शुल्काची ओळ पावतीवर असते, दरातल्या कमाईची ओळ कुठेच नसते. ती आपणच काढायची. त्यासाठी त्या दिवशी बाजारात दिरहम किती रुपयांना होता ते हवे, आणि ते काढणे सोपे आहे. अमिरातीचा दिरहम १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. आपल्याकडे डॉलरचा संदर्भ दर एफबीआयएल ही संस्था कामाच्या प्रत्येक दिवशी दुपारी जाहीर करते. त्या दराला ३.६७२५ ने भागायचे. समजा त्या दिवशी डॉलर ८३.५१ रुपये होता. भागाकार येतो २२.७४. एक्स्चेंजने दिले २२.५५. म्हणजे प्रत्येक दिरहममागे १९ पैसे त्यांनी ठेवले. १,९७९ दिरहमवर हे ३७६ रुपये होतात.

शुल्क आणि व्हॅटचे २१ दिरहम याच दराने ४७७ रुपये ५४ पैसे होतात. दोन्ही मिळून खर्च ८५३ रुपये ५५ पैसे. आता तपासा : २,००० दिरहम बाजारदराने ४५,४८० रुपये, त्यातून ८५३.५५ वजा केले की ४४,६२६.४५. हिशेब बंद झाला. यापेक्षा एक रुपयाही इकडेतिकडे असेल, तर पावतीवर न दिसणारी एखादी वजावट आहे किंवा आपली बेरीज चुकली आहे.

एक सावधगिरी घ्या. संदर्भ दर दिवसातून एकदाच ठरतो आणि बाजार दिवसभर हलत असतो. म्हणून दिरहममागे दोन-तीन पैशांच्या फरकावरून कुणावर ठपका ठेवू नये. रविवारी पाठवले असेल तर शुक्रवारचा दर धरावा लागतो. पण १९ पैसे म्हणजे बाजाराची हालचाल नव्हे, ते मार्जिन आहे. मार्जिन घेणे हा त्यांचा धंदा आहे आणि त्यात गैर काही नाही. मात्र ते किती घेतात, हे ग्राहकाला ठाऊक असलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ते ठाऊक असले, तर ‘शुल्क शून्य’ ही पाटीही नीट वाचता येते. शेजारचे दुकान शुल्क घेत नाही, पण दर देते २२.३५. २,००० दिरहमला तिथे ४४,७०० रुपये मिळतात, म्हणजे आपल्या पावतीपेक्षा ७३ रुपये जास्तच. तेव्हा पाटी खोटी नाही. आता ५,००० दिरहम पाठवून पाहा. शुल्कवाल्याकडे १,१२,२७६ रुपये येतात, शून्यवाल्याकडे १,११,७५०. सव्वापाचशेंचा तोटा. शुल्क एकदाच लागते, दरातला फरक मात्र प्रत्येक दिरहमवर लागतो. या दोघांतली सीमा साधारण २,३७० दिरहमपाशी येते. त्याखाली शून्य शुल्क परवडते, त्यावर नाही. दरमहा थोडे पाठवणाऱ्याने आणि तीन महिन्यांचे एकदम पाठवणाऱ्याने एकच दुकान धरून बसू नये.

तिसरा ताळा पासबुकाशी. समजा जमा दिसते ४४,५६७.४५, म्हणजे ५९ रुपये कमी. हा आकडा बोलका आहे : ५० रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटीचे ९. गावच्या बँकेने जमा करताना काहीतरी चार्ज लावला आहे, तो दुबईत कापलेला नाही. फरक ८० रुपये ३३ पैशांचा असेल, तर गोष्ट वेगळी. परकीय चलन बदलून देताना एक लाखापर्यंतच्या रकमेचा एक टक्का हे करासाठीचे मूल्य धरतात आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी लावतात. ४४,६२६ वर तो ८०.३३ येतो. पण हा कर चलन भारतात बदलले तरच लागू होतो. आखाती एक्स्चेंजची भारतातल्या बँकेशी रुपी ड्रॉइंग ॲरेंजमेंट असते, तिथल्या खात्यातून थेट रुपयेच निघतात. पावतीवर रुपयांची रक्कम आधीच ठरलेली असेल, तर इथे बदलायला काही उरतच नाही, आणि त्या कराचे कारण बँकेने लेखी द्यायला हवे. उलट बँकेतून डॉलरमध्ये स्विफ्टने पाठवले असेल, तर रुपयांचा आकडा पावतीवर नसतोच. मधल्या बँकेची वजावट आणि इथला दर, दोन्ही जमा झाल्यावरच कळतात.

फरक सापडला तर शाखेत तोंडी विचारून येऊ नका. अर्जात पावतीचा संदर्भ क्रमांक, पासबुकातल्या नोंदीचा यूटीआर, पावतीवरची रक्कम, जमा झालेली रक्कम आणि फरक, एवढे लिहा आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला शुल्क पडत नाही. पावतीचा नुसता फोटो पुसट होतो आणि आकडे वाचता येत नाहीत; मुलाला ॲपमधली पीडीएफ पाठवायला सांगा आणि ती पासबुकाशी ताळा जुळेपर्यंत जपून ठेवा.