डॉलरला तळ आणि छत

सोलापूरच्या एका टॉवेल निर्यातदाराचे उदाहरण घेऊ. माल अमेरिकेला निघाला आहे आणि एक लाख डॉलर तीन महिन्यांनी मिळणार आहेत. आज डॉलर 85 रुपयांना आहे, तर बँक तीन महिन्यांनंतरचा फॉरवर्ड दर 85.40 देते. फॉरवर्ड घेतला की दर पक्का होतो, पण डॉलर वर गेला तर त्यातला एक पैसाही हाती येत नाही. काहीच केले नाही आणि डॉलर 82 वर आला, तर सुताचे आणि मजुरीचे पैसे रुपयांतच द्यायचे असल्याने नफाच बुडतो.

यावरचा मधला मार्ग म्हणजे ‘झीरो-कॉस्ट कॉलर’.

निर्यातदार बँकेकडून 84.50 चा पुट ऑप्शन विकत घेतो, म्हणजे त्या दराने डॉलर विकण्याचा हक्क. समजा त्याचा प्रीमियम डॉलरमागे 25 पैसे, एकूण 25 हजार रुपये आहे. हे पैसे खिशातून जाऊ नयेत म्हणून तो बँकेला 86.30 चा कॉल ऑप्शन विकतो. त्याचा प्रीमियमही तेवढाच येतो आणि हिशेब मिटतो. मुदतीच्या दिवशी डॉलर 82 असला तरी त्याला 84.50 मिळतात. 85.20 असेल, तर दोन्ही ऑप्शन वाया जातात आणि तो बाजारभावाने विकतो. पण दर 89 झाला, तरी त्याला 86.30 वरच डॉलर द्यावे लागतात.

पुट हा हक्क आहे, कॉल मात्र बंधन आहे, आणि खरा धोका इथेच आहे. ऑर्डर रद्द झाली किंवा ग्राहकाने पैसे लांबवले, तरी बँकेचा करार उभाच राहतो. डॉलर 89 असताना हाती डॉलर नसतील, तर प्रत्येक डॉलरमागे 2.70 रुपये, म्हणजे 2 लाख 70 हजार रुपये, पदरचे भरावे लागतील. म्हणून खात्रीच्या रकमेपुरतेच कॉलर घ्यावे.

2007 मध्ये रुपया वधारून डॉलर 40 च्या खाली आला, तेव्हा तिरुपूरसह अनेक ठिकाणच्या निर्यातदारांनी यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचे करार केले. काहींत एका पुटच्या बदल्यात दुप्पट रकमेचे कॉल विकलेले असत. पुढे डॉलर 50 च्या वर गेला आणि प्रकरणे कोर्टात पोहोचली. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2010 मध्ये नियम घट्ट केले. ऑप्शन विकून निव्वळ प्रीमियम कमावण्यास त्यांत मनाई होती, मात्र खर्च शून्यावर आणणारी जोडणी चालू राहिली.

‘शून्य’ या शब्दालाही भुलू नये. बँक आपला नफा छताच्या दरात बसवते. रास्त छत 86.40 असताना 86.30 दिले, तर त्या फरकातून बँकेचा नफा निघतो. निर्यातदाराने दोन्ही ऑप्शनचे प्रीमियम वेगवेगळे लिहून मागावेत आणि तोच तळ धरून दुसऱ्या बँकेला छताचा दर विचारावा.