जन्म व विवाह प्रमाणपत्रांचे प्रमाणित भाषांतर

प्रमाणित भाषांतर म्हणजे एखाद्या अधिकृत दस्तऐवजाचे, भाषांतरकाराच्या स्वाक्षरीयुक्त निवेदनासह सादर केलेले संपूर्ण भाषांतर होय. परदेशातील व्हिसा, वास्तव्य किंवा नागरिकत्वाच्या अर्जासोबत मराठीतील जन्म वा विवाह प्रमाणपत्र जोडताना अशा भाषांतराची गरज भासते. महाराष्ट्रात अलीकडे दिली जाणारी प्रमाणपत्रे बहुधा मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असतात; त्यामुळे हा प्रश्न प्रामुख्याने ग्रामपंचायती व नगरपालिकांच्या जुन्या, हस्तलिखित दाखल्यांबाबत उद्भवतो.

## मजकुराचे भाषांतर

भाषांतराची मांडणी मूळ दाखल्याच्या रकान्यांप्रमाणे ठेवली जाते, जेणेकरून तपासणाऱ्या अधिकाऱ्याला दोन्ही कागद शेजारी ठेवून ताडून पाहता येतात. मुलाच्या नावाचा रकाना कोरा असलेला जुना दाखला हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. जन्माची नोंद नाव ठेवण्यापूर्वीच होत असल्याने असे घडते. अर्जदाराचे नाव ठाऊक असले तरी भाषांतरकाराने ते तेथे लिहू नये. चौकटी कंसात ‘रकाना कोरा’ एवढेच नोंदवावे. नाव समाविष्ट करण्याचा अधिकार जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १४ नुसार निबंधकाचा आहे. मूळ दाखल्यातील चुकीलाही हाच नियम लागू पडतो. वडिलांचे नाव चुकीचे नोंदले गेले असेल, तर भाषांतरातही ते तसेच येते आणि दुरुस्ती कलम १५ नुसार नोंदणी कार्यालयातूनच करून घ्यावी लागते.

तारखांबाबत विशेष दक्षता आवश्यक असते. ‘०५/०३/१९७४’ ही तारीख भारतात ५ मार्च अशी वाचली जाते, तर अमेरिकेत ती ३ मे समजली जाते. म्हणून भाषांतरात महिन्याचे नाव अक्षरी लिहितात. जन्मदिनांक, नोंदणीदिनांक आणि दाखला दिल्याचा दिनांक या तिन्हींची गल्लतही टाळावी लागते.

देवनागरीतील एकच नाव रोमन लिपीत अनेक प्रकारे लिहिता येते. अशा वेळी पारपत्रातील वर्णलेखन स्वीकारून तसे टिपेत नमूद करतात. मात्र दाखल्यातील नाव व पारपत्रातील नाव मुळातच भिन्न असेल, उदाहरणार्थ विवाहानंतर बदललेले आडनाव, तर दाखल्यातील नावच कायम राहते.

## शिक्के, स्वाक्षऱ्या व समासातील नोंदी

शिक्का हा दाखल्याच्या मजकुराचाच भाग मानला जातो. भाषांतरात त्याची प्रतिमा चिकटवली किंवा पुन्हा रेखाटली जात नाही. तसे केल्यास भाषांतर हेच मूळ दस्तऐवज असल्याचा भास निर्माण होतो. त्याऐवजी मूळ जागीच चौकटी कंसात त्याचे वर्णन केले जाते. त्यात आकार, शाईचा रंग व वाचता येणारा मजकूर यांचा समावेश असतो. नमुन्यादाखल:

* [गोल शिक्का, जांभळी शाई: ‘ग्रामपंचायत … , तालुका जुन्नर, जिल्हा पुणे’, गावाचे नाव अवाच्य]
* [स्वाक्षरी, खाली आडवा शिक्का: ‘ग्रामसेवक’]
* [आडवा शिक्का: ‘खरी नक्कल’]

पहिल्या शिक्क्यातील गावाचे नाव दाखल्यात अन्यत्र स्पष्ट आढळले, तरी शिक्क्याच्या वर्णनात ते अंदाजाने भरले जात नाही. दाखल्याच्या मागील बाजूचे शिक्के, चिकटवलेले तिकीट आणि आपोस्तीय यांचीही नोंद केली जाते.

समासातील हस्तलिखित नोंद वगळणे ही गंभीर त्रुटी ठरते. कलम १५ नुसार निबंधक मूळ नोंदीत फेरफार न करता समासात दुरुस्ती लिहितो व तिच्याखाली दिनांकासह स्वाक्षरी करतो. त्यामुळे नोंदवहीच्या नकलेतील योग्य माहिती कित्येकदा समासातच असते.

## भाषांतरकाराचे निवेदन

अमेरिकेच्या स्थलांतरविषयक नियमांनुसार इंग्रजी भाषांतर संपूर्ण असावे लागते. भाषांतर पूर्ण व अचूक असल्याचे, तसेच त्या भाषेतून इंग्रजीत भाषांतर करण्यास आपण सक्षम असल्याचे भाषांतरकाराने प्रमाणित करणे आवश्यक असते. निवेदनाचा आशय साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो:

> मला मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषा अवगत असून मराठीतून इंग्रजीत भाषांतर करण्यास मी सक्षम आहे. सोबतच्या जन्म प्रमाणपत्राचे हे भाषांतर माझ्या माहितीप्रमाणे पूर्ण व अचूक आहे.

त्याखाली भाषांतरकाराचे नाव, पत्ता, स्वाक्षरी व दिनांक येतो. निवेदनात दाखल्याचा नोंदणी क्रमांकही दिल्यास ते कोणत्या कागदासंबंधी आहे याविषयी संदिग्धता उरत नाही.

## नोटरी व आपोस्तीय

नोटरी अधिनियम, १९५२ नुसार भारतातील नोटरीला भाषांतर करण्याचा व ते पडताळण्याचा अधिकार आहे. व्यवहारात मात्र नोटरी पुष्कळदा केवळ भाषांतरकाराची स्वाक्षरी साक्षांकित करतो. अशा साक्षांकनातून भाषांतराची अचूकता सिद्ध होत नाही. आपोस्तीय दाखल्यावरील स्वाक्षरी व शिक्क्याच्या खरेपणाची ग्वाही देते, मजकुराची नव्हे. जर्मनीसारख्या काही देशांत न्यायालयापुढे शपथ घेतलेल्या भाषांतरकाराचे भाषांतर मागितले जाते, त्यामुळे एका देशासाठी केलेले भाषांतर दुसऱ्या देशात ग्राह्य ठरेलच असे नाही.