सव्वानऊच्या आधी ठरलेला भाव

सकाळी सव्वानऊला शेअर बाजार सुरू होतो आणि पडद्यावर पहिला आकडा दिसतो. काल 500 रुपयांवर बंद झालेला शेअर आज एकदम 510 वर उघडलेला असतो. मधल्या 501, 502, 505 या पायऱ्या त्याने कधी चढल्या, असा प्रश्न नव्या गुंतवणूकदाराला हमखास पडतो. त्या पायऱ्या तो चढलेलाच नसतो. बाजार उघडण्याआधीच्या पाव तासात एक लिलाव होऊन गेलेला असतो आणि त्यातून हा 510 आलेला असतो.

या लिलावाला कॉल ऑक्शन म्हणतात आणि ज्या वेळात तो होतो त्याला प्री-ओपन सत्र. सेबीच्या आदेशानुसार 18 ऑक्टोबर 2010 पासून राष्ट्रीय शेअर बाजार आणि मुंबई शेअर बाजार या दोन्ही ठिकाणी तो सुरू झाला. सुरुवातीला फक्त निफ्टी आणि सेन्सेक्समधल्या कंपन्यांसाठी होता, नंतर इतर शेअरनाही लागू झाला.

त्याची गरज समजायला एका घटनेची आठवण पुरेशी आहे. 16 मे 2009 रोजी, शनिवारी, लोकसभेचे निकाल लागले आणि काँग्रेसप्रणीत आघाडीला अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त जागा मिळाल्या. सोमवारी बाजार उघडला आणि एका मिनिटाच्या आत निर्देशांक वरच्या मर्यादेला जाऊन थडकला, व्यवहार थांबले. पुन्हा उघडला, पुन्हा थडकला. दोन दिवस साठलेली खरेदीची इच्छा एका क्षणात दारावर आदळली होती. असा धक्का कोणतीही पद्धत नाहीसा करू शकत नाही. पण त्या वेळी आदल्या बंद भावापासून नव्या भावापर्यंत पोहोचायला बाजाराकडे दुसरा रस्ताच नव्हता. जो व्यवहार पहिला जुळेल त्याचा भाव हाच उघडण्याचा भाव, एवढाच नियम होता.

या नियमात खोट काय ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एका गुंतवणूकदाराने 400 शेअर 515 रुपयांपर्यंत घ्यायची तयारी दाखवली आहे आणि दुसऱ्याला 200 शेअर 500 रुपयांनाही विकायला चालणार आहेत. चालू बाजारात आधी आलेल्या ऑर्डरचा भाव व्यवहाराला लागतो. खरेदीदार आधी आला असेल तर पहिला व्यवहार 515 ला होईल, विक्रेता आधी आला असेल तर 500 ला. माणसे तीच, इच्छा त्याच, पण कोणाची ऑर्डर क्षणभर आधी पोहोचली यावर 15 रुपयांचा फरक. दिवसभरात असे फरक आपोआप बुजतात, कारण पुढच्या क्षणी दुसरे व्यवहार होतात. सकाळी मात्र रात्रभराच्या बातम्या, परदेशी बाजार, कंपनीचे निकाल असे सगळे एकदम भावात शिरत असते. नेमक्या त्या वेळी असा योगायोगाचा भाव फार महाग पडतो.

कॉल ऑक्शनमध्ये म्हणून ऑर्डर आली की लगेच जुळवत नाहीत. आधी सगळ्या गोळा करतात आणि मग एकदाच, सर्वांसाठी एकच भाव काढतात. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याच्या प्रत्येक वाहनाची वेगळी बोली होते आणि शेजारशेजारच्या दोन ट्रॅक्टरना वेगवेगळा भाव मिळतो. इथे तसे नाही. इथे मालात फरक नाही, कंपनीचा एक शेअर दुसऱ्यासारखाच असतो, त्यामुळे सगळ्यांना एकच भाव देता येतो.

2010 मध्ये आखलेल्या रचनेत नऊ वाजता ऑर्डर घ्यायला सुरुवात होते. आठ मिनिटे ऑर्डर टाकता येते, बदलता येते, रद्दही करता येते. नऊ वाजून सात ते आठ या मिनिटात संगणक कोणत्याही क्षणी दार बंद करतो आणि तो क्षण आधी कोणालाच माहीत नसतो. त्यानंतर 9:12 पर्यंत भाव काढणे आणि व्यवहार जुळवणे चालते. उरलेली तीन मिनिटे चालू बाजाराकडे वळण्यासाठी राखलेली असतात.

भाव नेमका कसा निघतो? समजा, दार बंद झाले तेव्हा 500 रुपयांच्या त्या शेअरसाठी पुढील ऑर्डर जमा आहेत. खरेदीच्या बाजूला 515 ला 400, 512 ला 500, 510 ला 600, 505 ला 800 आणि 500 ला 1000 शेअर. विक्रीच्या बाजूला 500 ला 200, 505 ला 500, 510 ला 600, 512 ला 700 आणि 515 ला 900 शेअर. जो 515 द्यायला तयार आहे तो 510 लाही आनंदाने घेईल आणि ज्याला 500 चालतात त्याला 510 तर हवेच असतील. म्हणून प्रत्येक भावाला एकूण मागणी किती आणि एकूण पुरवठा किती याची बेरीज करतात. या दोहोंपैकी जो आकडा लहान तेवढेच शेअर त्या भावाला हात बदलू शकतात.

| भाव (रुपये) | एकूण मागणी | एकूण पुरवठा | होऊ शकणारा व्यवहार |
|---|---|---|---|
| 515 | 400 | 2900 | 400 |
| 512 | 900 | 2000 | 900 |
| 510 | 1500 | 1300 | 1300 |
| 505 | 2300 | 700 | 700 |
| 500 | 3300 | 200 | 200 |

सर्वांत जास्त शेअर 510 ला हात बदलतात, 1300. म्हणून उघडण्याचा भाव 510. हा कोणाच्या बोलींचा सरासरी आकडा नाही आणि कंपनीच्या मूल्याचा अंदाजही नाही. त्या सकाळी जास्तीत जास्त शेअरचा व्यवहार ज्या भावाला होतो तो हा भाव. दोन भावांना सारखेच शेअर जुळत असतील तर ज्याला कमी ऑर्डर अपुऱ्या राहतात तो घेतात. तिथेही बरोबरी झाली तर आदल्या दिवशीच्या बंद भावाच्या जवळचा.

आता कोणाला काय मिळाले ते पाहा. 515 लिहिणाऱ्याने 510 च दिले, पाच रुपये वाचले. 500 ला विकायला निघालेल्याला 510 मिळाले. 512 आणि 515 मागणारे विक्रेते तसेच राहिले. 510 ला खरेदी मागणाऱ्या 600 पैकी 400 शेअर मिळाले, कारण वरच्या भावाच्या खरेदीदारांचा हक्क आधी. उरलेली 200 ची खरेदी, इतर न जुळलेल्या लिमिट ऑर्डरप्रमाणे, चालू बाजारात जाऊन उभी राहते.

भाव न लिहिता टाकलेल्या मार्केट ऑर्डरचे काय? आधी लिमिट ऑर्डर एकमेकींशी जुळतात, मग उरलेल्या लिमिट ऑर्डर मार्केट ऑर्डरशी आणि शेवटी मार्केट ऑर्डर आपसांत. आपल्या उदाहरणात कोणी 200 शेअरची मार्केट ऑर्डर विक्रीला टाकली असती तर ती त्या उरलेल्या खरेदीशी 510 ला जुळली असती. न जुळलेली मार्केट ऑर्डर, उघडण्याचा जो भाव निघाला त्याच भावाची लिमिट ऑर्डर होऊन पुढे जाते. भावच निघाला नाही, तर चालू बाजारातला पहिला व्यवहार हाच उघडण्याचा भाव धरतात. दोन्ही शेअर बाजार आपापला लिलाव वेगळा करतात, त्यामुळे एकाच शेअरचा उघडण्याचा भाव दोन्हीकडे थोडा वेगळा दिसू शकतो.

ऑर्डर जमत असताना पडद्यावर संभाव्य भाव सतत दिसत असतो आणि गडबड नेमकी इथे होते. समजा, नऊ वाजून तीन मिनिटांनी कोणी 520 ला 2000 शेअरची खरेदी टाकली. पुन्हा बेरीज केली तर 515 ला मागणी 2400 होते, पुरवठा 2900 आहेच. म्हणजे 2400 शेअर जुळतात आणि संभाव्य भाव 510 वरून 515 वर जातो. पाहणाऱ्याला वाटते, मोठा खरेदीदार आला. तोही घाईने आपली बोली वाढवतो. मग सहाव्या मिनिटाला ती मोठी ऑर्डर रद्द होते. दार कधी बंद होईल ते आधी सांगत नाहीत ते याचसाठी. शेवटच्या क्षणापर्यंत खोटी ऑर्डर ठेवणाऱ्याला ते शेअर खरेच गळ्यात पडण्याची भीती राहते.

नव्या शेअरच्या नोंदणीच्या दिवशी हा मोह जास्त असतो, कारण आदला बंद भावच नसतो. त्या दिवशी विशेष प्री-ओपन सत्र असते आणि चालू व्यवहार दहा वाजता सुरू होतात. तिथे मोठ्या ऑर्डर टाकून रद्द करण्याचे प्रकार सेबीला दिसले, म्हणून 2024 मध्ये नियम बदलला. ऑर्डर घेण्याचे दार आता पस्तिसाव्या ते पंचेचाळिसाव्या मिनिटादरम्यान कधीही बंद होते. शेवटच्या एका मिनिटाची अनिश्चितता दहा मिनिटांची करणे हा मला योग्य निर्णय वाटतो.

या पद्धतीची ताकद दिसली ती मुंबईच्या एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सच्या बाबतीत. या कंपनीकडे एशियन पेंट्सचे हजारो कोटींचे शेअर होते आणि बाजारात मात्र तिचा शेअर 3 रुपये 53 पैशांना लिहिलेला होता. एवढ्या भावाला विकणारा कोणी नव्हता. दिवसाला ठरावीक टक्क्यांच्या पलीकडे भाव सरकू देत नसल्याने तो तिथेच अडकून पडला होता. सेबीने अशा गुंतवणूक कंपन्यांसाठी भावमर्यादेविना विशेष कॉल ऑक्शनची सोय केली. 29 ऑक्टोबर 2024 रोजी मुंबई शेअर बाजारात तो लिलाव झाला आणि भाव निघाला 2,25,000 रुपये.

पण या पद्धतीची मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. लिलावातला भाव जमलेल्या ऑर्डरइतकाच भक्कम असतो. मोठ्या कंपनीत लाखो शेअरच्या ऑर्डर जमतात, तिथे तो टिकतो. ज्या छोट्या शेअरमध्ये सकाळी मोजकेच लोक येतात, तिथे शेदोनशे शेअर भाव कुठेही नेऊ शकतात आणि सव्वानऊनंतर तो काही मिनिटांत परत फिरतो. म्हणून संभाव्य भावाबरोबर तेवढ्या भावाला किती शेअर जुळत आहेत हा आकडाही पाहावा. पहिल्या पाच मिनिटांतल्या चढउतारावर विसंबू नये. आणि प्री-ओपनमध्ये ऑर्डर टाकायचीच असेल तर आपल्याला परवडणारा भाव लिहून, लिमिट ऑर्डरच टाकावी.