तीन शेड, एकच ऊन
इमारतीला बाहेरून कोणता रंग द्यायचा हे ठरवण्यासाठी आर्किटेक्ट आता बहुधा संगणकावर इमारतीचे त्रिमितीय मॉडेल करतो आणि त्याची वेगवेगळ्या शेडमधली चित्रे, म्हणजे रेंडर, सोसायटीच्या कमिटीपुढे ठेवतो. या चित्रांची तुलना एकाच अटीवर खरी ठरते: भिंतीची शेड सोडली तर चित्रांमध्ये दुसरे काहीही बदललेले नसावे. प्रत्यक्षात ही अट वारंवार मोडली जाते. क्रीम रंगाच्या चित्रात सकाळचे कोवळे ऊन आणि निळे आकाश असते, करड्या रंगाच्या चित्रात ढग असतात, आणि सभासद रंगाला मत देतोय असे समजून उन्हाला मत देतात.

उदाहरणासाठी पुण्यातली एक चार मजली, पश्चिमेकडे तोंड असलेली इमारत घेऊ. कमिटीने तीन शेड निवडल्या आहेत: क्रीम, फिकट करडा आणि विटकरी. संगणकात रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांत लिहितात. त्या हिशेबाने क्रीम २३८, २२६, २००. करडा १९०, १९०, १८८. आणि विटकरी १७८, ९८, ७०. या आकड्यांवरून प्रत्येक शेड पडलेल्या प्रकाशापैकी किती प्रकाश परत फेकते हे काढता येते. क्रीम सुमारे ७७ टक्के परत फेकते, करडा ५१ टक्के आणि विटकरी १९ टक्के. क्रीमची भिंत विटकरी भिंतीच्या चौपट उजळ आहे. हा चौपटीचा फरक कमिटीला डोळ्यांनी दिसला पाहिजे. तुलनेचा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

पहिले काम सूर्य बांधून ठेवण्याचे. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारपर्यंत थेट ऊन येतच नाही, त्यामुळे या इमारतीसाठी दुपारनंतरची वेळ घ्यावी लागते. सूर्य पश्चिमेकडे कललेला आणि क्षितिजापासून सुमारे ३५ अंश वर ठेवला, तर भिंतीवर भरपूर ऊन पडते आणि बाल्कन्यांच्या सावल्याही नीट उमटतात. एकदा ठरलेली सूर्याची दिशा, उंची, उन्हाची तीव्रता, आकाश, कॅमेऱ्याची जागा आणि लेन्स यांना पुन्हा हात लावायचा नाही. सर्वांत सुरक्षित पद्धत म्हणजे एकच फाइल ठेवून तिच्यात फक्त भिंतीच्या मटेरियलचा रंग बदलायचा. तीन शेडसाठी तीन फाइली केल्या की कुठल्यातरी एकीत सूर्य दोन अंश सरकतो, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

सूर्य स्थिर ठेवूनही तुलना बिघडते ती एक्स्पोजरमुळे. मोबाइलचा कॅमेरा अंधाऱ्या खोलीत चित्र आपोआप उजळ करतो आणि उन्हात ते आपोआप मंद करतो. अनेक रेंडर सॉफ्टवेअरमध्ये अशीच स्वयंचलित व्यवस्था असते, आणि काहींत ती आधीपासूनच सुरू असते. विटकरी भिंतीने चौकटीचा बराच भाग व्यापला की सॉफ्टवेअरला दृश्य काळोखे वाटते आणि ते सगळे चित्र उजळवते. क्रीमच्या वेळी उलटे घडते. चौपट फरक म्हणजे छायाचित्रणाच्या भाषेत दोन स्टॉप, आणि स्वयंचलित एक्स्पोजर त्यातला बराचसा फरक सहज गिळून टाकते. परिणामी पसंत केलेला विटकरी चित्रात उबदार आणि हलका दिसतो, पण भिंतीवर चढल्यावर अपेक्षेपेक्षा खूपच गडद निघतो. मग दोष रंगाऱ्यावर किंवा रंगाच्या डब्यावर ढकलला जातो. म्हणून एक्स्पोजर हाताने ठरवायचे आणि तिन्ही चित्रांसाठी तेच ठेवायचे. स्वयंचलित व्हाइट बॅलन्सलाही हाच नियम लागू होतो. तो सुरू राहिला तर विटकरी भिंतीचा तांबूसपणा कमी करण्यासाठी सॉफ्टवेअर सगळ्या चित्रात निळसर झाक मिसळते.

एक्स्पोजर ठरवायचे ते सर्वांत फिकट शेडवरून. ते विटकरीवर जुळवले तर क्रीमची उन्हातली भिंत पार पांढरी होते, तिच्यातला पिवळसरपणा नाहीसा होतो आणि प्लास्टरचा खरखरीतपणाही दिसत नाही. क्रीमची भिंत उन्हातही शुद्ध पांढऱ्याच्या थोडी खाली राहील एवढेच एक्स्पोजर ठेवावे. त्या मापाने विटकरीचे चित्र काळपट दिसेल, आणि ते उजळवून देण्याचा मोह आर्किटेक्टला होईल. तो आवरायलाच हवा, कारण विटकरी भिंत क्रीमच्या शेजारी उन्हात खरोखरच तशी गडद असते.

रंगाचे आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरतानाही गफलत होते. रंग कंपन्यांच्या संकेतस्थळावर मिळणारे ० ते २५५ चे आकडे पडद्यासाठी असतात. ते प्रकाशाच्या प्रमाणात वाढत नाहीत. करड्याचे १९० हे २५५ च्या सुमारे पाऊणपट आहेत म्हणून ०.७५ असा आकडा टाकला, तर भिंत ५१ ऐवजी ७५ टक्के प्रकाश परत फेकू लागते, म्हणजे जवळजवळ क्रीमइतकी उजळ होते. ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये `Hex` च्या रकान्यात रंगाचा कोड टाकला की हे रूपांतर आपोआप होते. त्याच ब्लेंडरमध्ये अंतिम चित्राचे रंग ठरवणारी `View Transform` नावाची निवड असते. नव्या आवृत्त्यांत ती आधीपासून `AgX` वर असते. तिच्यामुळे कडक उन्हातले चित्र डोळ्याला सुसह्य होते, पण उजळ भागातले रंग थोडे फिके पडतात. शेड कार्डाशी ताळा घ्यायचा असेल तर `Standard` बरी. निवड कुठलीही केली तरी तिन्ही चित्रांना तीच असली पाहिजे.

आता मुख्य प्रश्न. एकच चित्र करून फोटोशॉपमध्ये भिंतीचा तेवढा भाग निवडून रंग बदलला तर चालणार नाही का? काम मिनिटात होते, आणि उजेड एकच राहतो असे वाटते. पण उजेड एकच राहत नाही, कारण भिंत स्वतःही उजेड देते. विटकरी भिंत लाल प्रकाश सुमारे ४५ टक्के आणि निळा जेमतेम ६ टक्के परत फेकते. तो प्रकाश जातो कुठे, हे बाल्कनीच्या स्लॅबची खालची बाजू पाहिली की कळते. तिथे थेट ऊन कधी पोचत नाही. तिला मिळणारा उजेड मागच्या भिंतीवरून आणि खालच्या फरशीवरून उसळून आलेला असतो. विटकरी भिंत असताना हा पांढरा स्लॅब खालून फिकट नारिंगी दिसतो आणि कोपऱ्याकडे ती छटा गडद होते. क्रीमची भिंत असली तर तोच स्लॅब चांगला उजळलेला दिसतो आणि बाल्कनी मोकळी वाटते. फोटोशॉपमध्ये फक्त भिंत रंगवली तर विटकरी इमारतीच्या स्लॅबखाली क्रीमच्या भिंतीचा उजेड तसाच राहतो. भिंत चित्रावर चिकटवल्यासारखी दिसते. पाहणाऱ्याला काहीतरी खटकते, पण नेमके काय ते सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक शेडसाठी रेंडर नव्याने करावा. पहिल्या फेरीत दहा शेडमधून तीन निवडायच्या असतील तर फोटोशॉपची सोपी वाट चालून जाईल. अखेरच्या तीन शेडसाठी मात्र ती वापरू नये.

तिन्ही चित्रे खरोखर एका उजेडात झाली आहेत का, हे तपासणे सोपे आहे. रंगाचा आकडा सांगणारे ड्रॉपर साधन घेऊन तिन्ही चित्रांत आकाशाचा एकच बिंदू तपासावा. आकाशावर भिंतीच्या रंगाचा परिणाम होत नाही, त्यामुळे आकडे तंतोतंत जुळायला हवेत. न जुळल्यास कुठेतरी एक्स्पोजर किंवा व्हाइट बॅलन्स सरकला आहे. ही तपासणी इमारतीजवळच्या कंपाउंड भिंतीवर करू नये, कारण तिच्यावर भिंतीचा उसळलेला रंग पडतो आणि तिथला थोडा फरक बरोबरच असतो.

चित्रे कमिटीला दाखवण्याची पद्धतही तुलनेचाच भाग आहे. पॅरिसच्या गोब्लँ विणकाम कारखान्यात रंगाईचे प्रमुख असलेल्या मिशेल युजेन शेव्हरेल यांनी १८३९ मध्ये शेजारशेजारच्या रंगांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. दोन रंग लगत ठेवले की डोळ्याला त्यांच्यातला फरक आहे त्याहून जास्त भासतो, हे त्यांनी त्यात तपशिलाने मांडले. विटकरीला चिकटून ठेवलेला करडा म्हणूनच थोडा निळसर-हिरवट भासतो. चित्रांमध्ये मध्यम करड्या रंगाची रुंद पट्टी सोडली तर हा परिणाम कमी होतो. त्याहून चांगले म्हणजे मोठ्या पडद्यावर तिन्ही चित्रे एकाच जागी, एकामागून एक दाखवावीत. कॅमेरा हललेला नसल्यामुळे पडद्यावर फक्त भिंत बदलते आणि नजर तिथेच राहते.

बहुतेक सभासद मात्र चित्रे व्हॉट्सॲपवर, आपापल्या मोबाइलवर पाहणार. कुणाच्या मोबाइलचा पडदा रात्री पिवळसर होतो, कुणाचा भडक रंग दाखवतो. हे थांबवता येत नाही. त्यावर तोडगा असा की तीन वेगळी चित्रे न पाठवता तिन्ही एकाच प्रतिमेत, करड्या पट्ट्या सोडून मांडावीत. पडदा कसाही असला तरी तिन्हींना सारखाच बिघडवतो, आणि चित्रे पाठवताना होणारी काटछाटही तिन्हींवर एकाच वेळी होते. त्या मोबाइलवर क्रीम नेमका कसा आहे हे कळणार नाही, पण क्रीम आणि करड्यातला फरक बराचसा खरा कळेल.

एका उन्हातली तुलना त्या उन्हापुरतीच खरी असते. पुण्यात पावसाळ्याचे चार महिने बरेचदा आभाळ असते. तेव्हा थेट ऊन नसते, सावल्या विरतात आणि उजेड निळसर होतो. करडा त्या उजेडात मलूल पडतो, विटकरी त्यामानाने टिकून राहतो. म्हणून ढगाळ उजेडाचा दुसरा संच करणे योग्य, पण त्यातही तिन्ही शेड हव्यात आणि त्या संचाचे एक्स्पोजर तिन्हींसाठी एकच हवे. उन्हातला क्रीम आणि ढगातला करडा अशी सरमिसळ कधीही करू नये.

रेंडरने दोन शेड उरल्या की त्या भिंतीवर लावून पाहाव्या लागतात, कारण प्लास्टरच्या खडबडीतपणामुळे पडणाऱ्या बारीक सावल्या आणि रंगाची खरी चमक मॉडेलमध्ये क्वचितच अचूक उतरतात. हे नमुनेही एकाच उजेडात असावेत: एकाच भिंतीवर, एकाच उंचीवर, कोपरा आणि बाल्कनीची सावली टाळून. प्रत्येक चौकोन किमान तीन फुटांचा घ्यावा. खाली प्रायमर, वर शेडचे दोन हात, आणि दोन चौकोनांमध्ये व भोवती प्रायमरचा पांढरा पट्टा, म्हणजे जुना रंग नव्याच्या लगत येणार नाही. रंग पूर्ण वाळल्याशिवाय पाहू नये, कारण ओली शेड आणि वाळलेली शेड यांत फरक दिसतो. हाच नमुन्यांचा जोड उत्तरेच्या भिंतीवरही लावावा. तिथे वर्षाचा बराच काळ थेट ऊन येत नाही, आणि पश्चिमेला आवडलेली शेड तिथे गडद वाटली तर पूर्ण इमारतीसाठी तिच्याहून एक पायरी फिकट शेड घेण्याचा निर्णय डब्यांची ऑर्डर देण्याआधी करता येतो.