खांबाखांबावर अँटेना का लागतो?

3 एप्रिल 2019 रोजी व्हेरायझन या अमेरिकी कंपनीने शिकागो आणि मिनियापोलिसच्या मध्यवर्ती भागांत मोबाइल 5जी सुरू केले. वापरलेली वारंवारता होती 28 गिगाहर्ट्झ. खांबासमोर उभे राहिले की वेग थक्क करणारा मिळे, पण कोपरा वळून पुढच्या गल्लीत शिरले की फोन मुकाट्याने 4जीवर येई. उपकरणात बिघाड नव्हता. मिलिमीटर लहरींचा स्वभावच असा आहे.

या लहरी हवेत विरून जातात, असा एक सर्रास समज आहे. 28 गिगाहर्ट्झला हवा फारशी अडवत नाही. जोरदार पाऊसही 200 मीटरच्या अंतरात साधारण पाव हिस्सा सिग्नल खातो, तो सोसता येतो. खरी अडचण अँटेनाच्या आकाराची आहे. साधा अँटेना तरंगलांबीच्या मापाने बनतो. 2 गिगाहर्ट्झची तरंगलांबी 15 सेंटिमीटर, तर 28 गिगाहर्ट्झची जेमतेम 1 सेंटिमीटर. लांबी चौदापट घटली, म्हणजे लहरी टिपणारे क्षेत्रफळ जवळपास दोनशेपट घटले. तेवढ्याच अंतरावर तेवढीच शक्ती सोडली, तरी हाती लागते ती दोनशेव्या हिश्शाइतकी.

ही तूट भरून काढता येते. बोटभर जागेत असे कितीतरी चिमुकले अँटेना मावतात. ते एका तालात चालवले की सगळी शक्ती बॅटरीच्या झोतासारखी एका दिशेला एकवटते, आणि फोन हलला की झोतही त्याच्या मागे वळतो. पण झोताची वाट सरळ लागते, आणि आडोशाची पंचाईत इथेच सुरू होते.

700 मेगाहर्ट्झची लहर सुमारे 43 सेंटिमीटर लांब असते. माणसाच्या खांद्यांची रुंदीही जवळपास तेवढीच. त्यामुळे ही लहर माणसाला वळसा घालून पलीकडे पोचते. 1 सेंटिमीटरच्या लहरीसाठी तोच माणूस चाळीस-पन्नास तरंगलांबींची भिंत ठरतो आणि त्याच्यामागे गडद सावली पडते. अंगाआड गेलेला सिग्नल शंभराव्या हिश्शावर किंवा त्याहूनही खाली येऊ शकतो. फोन धरलेल्या हाताची बोटे नेमकी अँटेनावर आली, तरी हाच प्रकार. म्हणून फोनच्या वेगवेगळ्या कडांना स्वतंत्र अँटेना बसवतात. एक झाकला गेला तर दुसरा कामाला येतो.

न्यूयॉर्क विद्यापीठात थिओडोर रॅपपोर्ट यांच्या गटाने 28 गिगाहर्ट्झवर शहरात फिरून मोजमापे घेतली आणि 2013 मध्ये ती प्रसिद्ध केली. साध्या पारदर्शक काचेतून सिग्नलचा साधारण चाळीस टक्के भाग आत आला. विटांच्या खांबातून आला सातशेव्या हिश्शाच्या आसपास. उन्हासाठी रंगवलेल्या बाहेरच्या काचेने मात्र कमाल केली. तिच्यातून जेमतेम दहा हजारावा हिस्सा आत पोचला. आजच्या कार्यालयांना नेमकी अशीच काच असते. त्यामुळे रस्त्यावरचा खांब खिडकीतून समोर दिसत असूनही आतला फोन कोरडाच राहतो.

याच गटाला दिलासा देणारी गोष्टही सापडली. इमारतींच्या भिंतींवरून लहरी परावर्तित होतात आणि त्या आधाराने सुमारे 200 मीटरपर्यंत संपर्क साधता येतो. त्यापलीकडे बहुतेक ठिकाणी काहीच मिळेना.

आता 200 मीटरचा हिशेब मांडून पाहू. 1 किलोमीटर त्रिज्येचा परिसर एका मोठ्या टॉवरऐवजी 200 मीटरच्या वर्तुळांनी झाकायचा, तर नुसत्या क्षेत्रफळानेच पंचवीस ठिकाणे लागतात. पण हा आकडा मोकळ्या मैदानाचा झाला. शहरात कोपऱ्यामागची गल्ली पहिल्या खांबाला दिसतच नाही, तिथे वेगळा खांब लागतो. शिवाय ज्या चौकात एक खांब आहे, तिथेही दुसरा हवा, कारण माझ्या आणि पहिल्या खांबाच्या मध्ये बस उभी राहिली तर दुसऱ्या बाजूने झोत यायला हवा. ही दाटी केवळ लांबवर पोचण्यासाठी नसते, वेगळ्या कोनातून पोचण्यासाठीही असते, हे मला या विषयातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. नुसती शक्ती वाढवून कोन मिळत नाही.

प्रत्येक खांबाला वीज, फायबर आणि महापालिकेची परवानगी लागते. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने 2018 मध्ये असल्या छोट्या केंद्रांसाठी शहरांनी किती शुल्क घ्यावे आणि किती दिवसांत निर्णय द्यावा, यावर बंधने आणली, ती याच संख्येपायी. शहरे त्याविरुद्ध न्यायालयात गेली. पुढे व्हेरायझननेही 2021 च्या लिलावात 45 अब्ज डॉलरहून अधिक बोली लावून मधल्या पट्ट्यातील लहरी घेतल्या. भारतात 2022 च्या लिलावात 26 गिगाहर्ट्झचा पट्टा विकला गेला, तरी पुण्या-मुंबईतल्या फोनवरचे 5जी मुख्यतः 3.3 गिगाहर्ट्झ आणि त्याखालच्या पट्ट्यांवरच चालते.

मिलिमीटर लहरींची खरी जागा म्हणजे थोड्या जागेत प्रचंड गर्दी असलेले ठिकाण, उदाहरणार्थ स्टेडियम. तिथेही व्हेरायझनच्या सेवेत सुरुवातीला सगळी आसने येत नव्हती. तिथे अँटेना उंचावर लावून खाली रोखतात, म्हणजे पुढच्या रांगेतला प्रेक्षक उभा राहिला तरी झोत त्याच्या डोक्यावरून मागच्यापर्यंत उतरतो.